लायसन भाड्यानं मिळणार नाही

धारूरच्या बाजारात ड्रोन उडवणारे सात जण होते आणि उडवण्याचा अधिकार असलेली एकटी शिवकन्या होती. हे गणित तिला तोंडपाठ होतं आणि ते आठवलं की तिच्या ओठांचा एक कोपरा आपोआप खाली जायचा.

ते सात जण म्हणजे एकेक नमुना होता. एकानं परदेशी ड्रोन ज्वारीच्या पोत्यात लपवून ठेवलेला. त्याची आयात सरकारनं कधीच बंद केली होती, पण तो कुठून आला हे विचारलं की हा गडी नुसता मिशीत हसायचा. दुसऱ्यानं लग्नात ड्रोन एवढा खाली आणला की नवरदेवाचा फेटा पंख्यात गुंतला, आणि तोच व्हिडिओ पुढं त्यानं जाहिरात म्हणून लावला. कुणी लायसन विचारलं तर सातही जणांचं उत्तर ठरलेलं, ‘अडीचशे ग्रॅमच्या आतला हाय.’ अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला प्रमाणपत्र लागत नाही, एवढं एक कलम त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला असता तर त्यांचा सगळ्यात हलका ड्रोनसुद्धा किलोला भिडला असता. त्याहून हुशार एक होता. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेनं उडवला तर चालतं, धंद्यासाठी उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं, हे त्यानं वाचलं होतं. तो म्हणायचा, “आमी ड्रोनचे पैशे घेतच न्हाई. अल्बमचे घेतो. ड्रोन हौसेचा हाय.”

या सात जणांचा म्होरक्या रविराज. त्याचे चुलते सुंदरराव तालुक्यातले पुढारी, त्यामुळं रविराजचा ड्रोन कुठंही चढायचा आणि कुठूनही उतरायचा. त्याच्या स्टुडिओत सोनेरी किनारीचं एक प्रमाणपत्र लावलेलं होतं. मांजरसुंब्याच्या एका हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा झाली होती, तिथं मिळालेलं. दोन दिवसांतला दीड दिवस जेवणात आणि सत्कारात गेला, असं तिथं गेलेलेच सांगत. त्या कागदावर ‘सहभाग’ असा शब्द स्पष्ट छापला होता. पण किनार सोनेरी असली की शब्द कोण वाचतो?

शिवकन्या त्या सात जणांत कधीच नव्हती. सासर लातूरकडचं होतं, ते सुटून तिला अकरा वर्षं झाली होती. परत आली तेव्हा तिच्याजवळ एक जुना कॅमेरा होता आणि नाराज बाप. अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या स्टुडिओसाठी लग्नं काढली. तिला बोलवायचे ते हळदीला आणि बायकांच्या खोलीत, कारण आत पुरुष फोटोग्राफर चालत नाही. बाहेर मंडपात पुरुषांची राजवट. तिनं काढलेल्या फोटोंवर कोपऱ्यात रविराज फिल्म्स, नाहीतर आणखी कुणा दिवट्याचं नाव यायचं. एकदा तिनं स्वतः काढलेला नवरीचा फोटो बसस्टँडसमोर बोर्डावर लागला, खाली रविराजचा मोबाइल नंबर. ती त्या बोर्डाखालून रोज जायची आणि रोज तिला तोच राग नव्यानं यायचा.

म्हणून तिनं ठरवलं की जे या सात जणांकडे नाही ते आपण घ्यायचं. पैसे साठवले, माहिती काढली आणि पुण्याकडच्या एका मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत अर्ज केला. तिथं कागद मागितले ते दहावी पास झाल्याचे, ओळखीचे आणि पत्त्याचे. पूर्वी पासपोर्ट मागायचे, ती अट निघाली होती. आणि एक वैद्यकीय फॉर्म होता. नजर, ऐकणं, रंगांची ओळख, रक्तदाब, फिट येते का, चक्कर येते का, हे सगळं तपासून एमबीबीएस डॉक्टरनं नोंदणी क्रमांकासकट सही-शिक्का द्यायचा.

वडील रुद्रप्पा म्हणाले, “त्यात काय, गल्लीतला डॉक्टर हाय की.” गल्लीतल्या डॉक्टरनं तिला बसायलासुद्धा सांगितलं नाही. फॉर्म घेतला, सगळ्या रकान्यांत ‘नॉर्मल’ लिहिलं आणि म्हणाला, “रुद्रप्पांच्या मुलीसाठी डोळे झाकून सही.” नजरेच्या दाखल्यावर डोळे झाकून सही! आणि सहीखालची पदवी आयुर्वेदाची. शिवकन्येनं तो फॉर्म तिथंच, त्याच्या टेबलावर फाडला. डॉक्टर पुढं वर्षभर रुद्रप्पांकडं तिची तक्रार करत होता.

मग ती सरकारी दवाखान्यात गेली. दोन तास रांगेत बसली. एका तरुण डॉक्टरणीनं तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ठिपक्यांच्या पानावरचे आकडे ओळखायला लावले, रक्तदाब दोनदा मोजला. पहिल्यांदा जास्त आला होता.

“टेन्शन आहे का कसलं?” डॉक्टरणीनं विचारलं.

“टेन्शन न्हाई, राग हाय,” शिवकन्या म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा मोजला तेव्हा बरोबर आला.

प्रशिक्षणाच्या वर्गात अठरा जण होते आणि बाई एकच. बागायतदारांची दोन पोरं फवारणीच्या ड्रोनसाठी आली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, तुमी कावून आलात? घरी कुणी गडीमाणूस न्हाई का?” त्यांच्याकडे बघून शिवकन्येला आपल्या बाजारातले सात जण आठवले. माणसं तीच, गाव बदललेलं.

पहिले दोन दिवस नुसते नियम. आकाशाचा नकाशा सरकारच्या संकेतस्थळावर असतो. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पातंसुद्धा फिरवायचं नाही. आणि नकाशा बदलतो. कुठं बंदोबस्त असला तर पोलीस अधीक्षकांच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतो, एका वेळी जास्तीत जास्त शहाण्णव तास. त्यामुळं दर वेळी उडवण्याआधी नकाशा बघायचाच. शिवकन्येनं हे वहीत दोनदा अधोरेखित केलं. बागायतदाराच्या पोरानं वही आणलीच नव्हती.

मग बॅटरीची काळजी, वारा, हवामान, संपर्क तुटला तर काय करायचं. मग संगणकावर खोटा ड्रोन. मग मैदान. तिथं उस्तादाच्या हातात दुसरा रिमोट असायचा, आपल्या रिमोटला जोडलेला, म्हणजे चुकलं तर तो सावरणार. जीपीएस बंद करून वाऱ्यात इंग्रजी आठचा आकडा काढायचा होता. ड्रोनचं तोंड आपल्याकडं आलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथंच शिवकन्या तीनदा चुकली. चौथ्यांदा उस्ताद म्हणाला, “मॅडम, हाताला घाई आहे तुमच्या. रागानं उडवू नका.” ती घोटभर पाणी प्यायली आणि आठचा आकडा काढला. लेखी परीक्षा झाली, उडवण्याची परीक्षा झाली. संस्थेनं निकाल वर पाठवला आणि पंधरा दिवसांच्या आत तिच्या नावाचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आलं. दहा वर्षांसाठी. बागायतदाराचं एक पोरगं नापास झालं, हे कळल्यावर तिला जो आनंद झाला तो तिनं लपवला नाही.

पुढचे कागदही तिनं रीतसर केले. देशी बनावटीचा, सरकारनं मान्य केलेल्या प्रकारातला ड्रोन घेतला, त्याची नोंदणी करून ओळख क्रमांक घेतला, तो ड्रोनवर चिकटवला आणि दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईचा विमा उतरवला. यातलं एकही पान त्या सात जणांनी बघितलेलं नव्हतं.

आता धारूरनं तिचं कौतुक कसं केलं ते बघा. पहिल्याच आठवड्यात बाजारातली चार माणसं येऊन गेली आणि चौघांचा प्रश्न एकच. “भाड्यानं कितीला देणार?”

ड्रोन नव्हे, लायसन. इकडं ती रीतच आहे. औषधाच्या दुकानात भिंतीवर जो फार्मासिस्ट असतो तो दुकानात नसतो, कुठं तरी शिक्षक असतो. पदवी एकाची, गल्ला दुसऱ्याचा, आणि दोघंही सुखी. खुद्द रुद्रप्पांचं खत-औषधांचं दुकान असंच होतं. कृषी पदवी बजरंग नावाच्या एका माणसाची. हा बजरंग नांदेडकडं पोलिसात लागलेला, दुकानाची पायरी त्यानं वीस वर्षांत दोनदा चढलेली. त्यामुळं शिवकन्या आठवडाभर घर सोडून, ऊन खाऊन प्रमाणपत्र घेऊन आली ती ते भाड्यानं लावायलाच, यात कुणाला शंका नव्हती. बाईमाणूस स्वतः उडवणार हे कुणाच्या डोक्यातच येईना. शिवकन्येनं चौघांना चहा न देता वाटेला लावलं.

मग ते काम निघालं. धारूरच्या घाटात रस्ता रुंद करायचं काम एका बाहेरच्या कंपनीनं घेतलं होतं. कंपनीला दर महिन्याला वरून फोटो आणि व्हिडिओ हवे होते, आणि पत्रात साफ लिहिलं होतं की प्रमाणित रिमोट पायलट, नोंदणी केलेला ड्रोन आणि विमा असल्याशिवाय दरपत्रक बघितलंच जाणार नाही. शिवकन्येनं ते पत्र तीनदा वाचलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा एक काम असं आलं होतं की जे गावात दुसऱ्या कुणाला करताच येणार नव्हतं. फोटोखाली तिचं नाव येणार होतं. तिनं दरपत्रक दिलं आणि रोज घाटात जाऊन कुठून उडवायचं, वारा कुठून येतो, कुठं तारा आहेत हे बघून यायची.

बारा दिवसांनी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. “मॅडम, अभिनंदन. काम रविराज फिल्म्सला दिलंय.”

“मग अभिनंदन माझं कशाला?”

“अहो, त्यांच्या फाइलमध्ये पायलट तुम्हीच आहात ना? तुमचं प्रमाणपत्र, ड्रोनची नोंदणी, विमा, सगळं लावलंय. तुम्ही दोन ठिकाणांहून कशाला भरलंत तेच कळेना आम्हाला.”

शिवकन्या फोन ठेवून सरळ दुकानात गेली. रुद्रप्पा गल्ल्यावर बसून सुपारी कातरत होते.

“अप्पा, माझं प्रमाणपत्र रविराजला कुणी दिलं?”

“प्रमाणपत्र कुठं दिलं? झेरॉक्स दिली,” रुद्रप्पा म्हणाले. “अस्सल तुझ्या कपाटात हाय. सुंदरराव स्वतः आलते दुकानात. या पायरीवर बसून चहा पिले. मानसाच्या शब्दाला काही किंमत हाय का न्हाई?”

“मला इचारलं का?”

“त्यात काय इचारायचं? पैशे घेतले न्हाईत मी, ओळखीत दिलं. कागद कागदाच्या जागी ऱ्हातो. पोरगं उडवतंय, तू घरी बस. तुझ्या अंगाला काय झीज लागती?”

शिवकन्येला वाटलं होतं की बाप लबाडी करेल, निदान खोटं तरी बोलेल. पण रुद्रप्पांना आपण काही चुकलो असं वाटतच नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्याच्या पदवीखाली बसलेल्या माणसाला कागद आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच ठाऊक होतं. तिला त्यांची कीव आली नाही. तिला त्यांचा तिरस्कार वाटला, आणि तो बापाबद्दल वाटतोय म्हणून जास्तच वाटला.

तिनं रविराजला फोन लावला. तो हसला. “ताई, एवढं काय मनाला लावून घेता? नाव तुमचं, हात माझा. जोडी लई भारी हाय.”

“ते प्रमाणपत्र माझ्या हाताचं हाय. तू उडवलास अन काही झालं तर ते माझं रद्द व्हईल. तुझं काय जातं, तुझ्याकडं नुसता सहभाग हाय.”

“काही व्हत न्हाई. काका हायत.”

त्याच संध्याकाळी तिनं कंपनीला ईमेल केला, की रविराज फिल्म्सशी माझा संबंध नाही, माझं प्रमाणपत्र माझ्या संमतीशिवाय लावलंय, मी त्यांची पायलट नाही. इंजिनिअरनं उत्तर दिलं, ‘कृपया आपसात मिटवून घ्यावे.’ शिकलासवरलेला माणूस, डोक्यावर कडक पिवळी टोपी, आणि पाठीला कणाच नाही.

पुढच्या आठवड्यात एका मोठ्या मंत्र्याचा दौरा लागला. घाटातल्या त्याच रस्त्यावरून ताफा जाणार होता. शिवकन्येला त्या दिवशी एका वस्तीवर हळदीचं काम होतं आणि पहिल्यांदाच लोकांनी तिला ड्रोनही आणायला सांगितला होता. तिनं सकाळी उठून नकाशा उघडला. घाट आणि आजूबाजूचा सगळा पट्टा लाल झाला होता, पोलिसांनी दोन दिवसांसाठी बंद केला होता. वस्ती त्या पट्ट्यातच होती. तिनं नवरीच्या बापाला सांगितलं की आज ड्रोन पेटीतून बाहेर निघणार नाही.

“बाकीचे उडवतेत की! तुझ्याकडं तर लायसन हाय म्हणतेत,” नवरीचा बाप चिडला.

“लायसन हाय म्हणूनच न्हाई उडवत.”

त्यावर नवरीच्या मामानं जे तोंड केलं ते पाहून शिवकन्येला हसू आलं. या लोकांना लायसन म्हणजे नियम मोडायची परवानगी वाटते, पैसे भरून घेतलेली. ती आत जाऊन हळदीचे फोटो काढत बसली.

दुपारी दोनच्या सुमारास पोलीस ठाण्यातून फोन आला. लगेच या म्हणाले. तिच्या हातावर अजून हळद होती, तशीच ती निघाली.

ठाण्यात काय झालं होतं ते कळायला वेळ लागला नाही. रविराजनं घाटात ड्रोन चढवला होता. कंपनीचे फोटो आणि मंत्र्याचा ताफा, दोन्ही एकदमच, म्हणजे काकांना दाखवायलाही झाले. नकाशा नावाचं काही असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. ताफा यायच्या वीस मिनिटं आधी बंदोबस्तातल्या पोलिसांनी त्याला ड्रोनसकट उचललं. ड्रोन परदेशी, त्यावर नोंदणीचा क्रमांक नाही. कागद मागितले तेव्हा त्यानं ऐटीत फाइल काढून दिली, आणि फाइलमध्ये पायलट म्हणून शिवकन्या रुद्रप्पा असं छापील नाव होतं.

साहेबांच्या खोलीत रविराज भिंतीला टेकून उभा होता. मिशी खाली आलेली. खुर्चीत सुंदरराव बसले होते, समोर चहा. आणि बाकड्यावर, टोपी मांडीवर घेऊन, रुद्रप्पा. त्यांना सुंदररावांनी आपल्या गाडीतून आणलं होतं.

“हे प्रमाणपत्र तुमचं?” साहेबांनी विचारलं.

“माझंच.”

“मग घाटात ड्रोन उडवणारे पायलट तुम्ही?”

शिवकन्येनं तोंड उघडायच्या आत सुंदरराव बोलले. आवाज गोड, जाहीर सभेतला. “हे बघ शिवकन्ये, परकरण लई मोठं न्हाई. तू म्हन, ड्रोन मीच उडवत व्हते, रविराज नुसता रिमोट धरून व्हता. नकाशा बघायचा राहून गेला म्हन. लायसनवाल्या मानसाकडून झालेली चूक येगळी, बिनलायसनवाल्याची येगळी. दंड पडंल, तो मी भरतो. रस्त्याचं काम पुढचं वर्षभर तुझ्याच नावावर चालंल. इचार कर.”

“अन न्हाई म्हनले तर?”

सुंदररावांनी चहाचा घोट घेतला. “न्हाई म्हनलीस तर साहेब त्यांचं काम करतील. मग एकेकाचे कागद बघायला सुरुवात झाली म्हंजी झाली. रुद्रप्पांच्या दुकानाचा बी एक कागद हाय. कृषी खात्याचे लोक इचारतील, बजरंग कुठं हाय.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं असावं.

रुद्रप्पा बाकड्यावरून अर्धवट उठले. “शिवे,” ते म्हणाले, “म्हन की हो. एकदाच. घर चालतंय त्या दुकानावर.”

हे वाक्य मात्र खोटं नव्हतं. घर त्या दुकानावरच चालत होतं. अकरा वर्षांपूर्वी ती परत आली तेव्हा तिला जेवू घालणारं तेच दुकान होतं. हो म्हटलं तर दुकान वाचेल, काम मिळेल, नावही मिळेल. फक्त हिशोबात एक गोष्ट उरेल, की लाल पट्ट्यात मंत्र्याच्या ताफ्याच्या वाटेवर बेकायदा ड्रोन चढवणारी पायलट म्हणून सरकारी कागदावर शिवकन्या राहील. प्रमाणपत्र निलंबित होईल, रद्दही होईल, आणि जी चूक तिनं सकाळी नकाशा बघून टाळली होती तीच तिच्या अंगावर कायमची चिकटेल. या माणसांना तिची परीक्षा, तिचा रक्तदाब, तिचा आठचा आकडा यातलं काहीही नको होतं. त्यांना फक्त तिचं नाव हवं होतं, आणि तेही खराब करायला.

ती रविराजकडं वळली. “जीपीएस बंद पडलं तर काय करायचं असतं रे?”

रविराजनं काकांकडं बघितलं.

“काकांकडं बघू नको, ते वर आभाळात न्हाई येत,” शिवकन्या म्हणाली आणि साहेबांकडं वळली. “साहेब, मी उडवत नव्हते. मी सकाळपासून हळदीच्या घरी हाय, तिथं शंभर मानसं हायत, मी काढलेल्या फोटोंवर वेळ हाय. माझा ड्रोन माझ्या पेटीत हाय, त्याच्यावर नंबर हाय, आज तो उडालाच न्हाई, ते त्याच्या नोंदीत दिसंल. हा ड्रोन माझा न्हाई. आठ दिवसांपूर्वी मी कंपनीला लिहून कळवलंय की माझं प्रमाणपत्र माझ्या संमतीशिवाय लावलंय. हा ईमेल. माझा जबाब घ्या.”

तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. साहेबांनी ईमेल वाचला, तारीख वाचली, आणि मग पहिल्यांदाच सुंदररावांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. मंत्र्याच्या बंदोबस्तात लाल पट्टा मोडल्याचा अहवाल अधीक्षकांकडं जायचा होता. त्यात खोटं नाव घालायचं आणि पुढं असा ईमेल निघायचा, ही जोखीम पुढाऱ्याच्या चहापेक्षा मोठी होती. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात, नुसता हिशेब. पण तेवढ्यानं भागत होतं.

“आसाराम, जबाब घे,” ते दारातल्या हवालदाराला म्हणाले.

सुंदररावांनी कप खाली ठेवला. “रुद्रप्पा, पोरीला लईच शिकवलीत,” एवढं म्हणून ते उठले आणि फोन कानाला लावत बाहेर गेले. कुणाला लावला हे विचारायची गरज नव्हती. उद्या किंवा परवा दुकानासमोर सरकारी जीप उभी राहणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

रुद्रप्पा पुन्हा बाकड्यावर बसले. “माझं दुकान खाल्लंस,” ते हळू म्हणाले.

“दुकान बजरंगचं हाय, अप्पा,” शिवकन्या म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती, आणि ती असायला हवी होती असंही तिला वाटलं नाही.

हवालदार आसारामनं कोरे कागद घेतले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर लिहायला बसला. नाव, वय, गाव तो रुद्रप्पांनाच विचारत होता. बाईमाणसाची माहिती तिच्या बापाला विचारायची, ही त्याची पस्तीस वर्षांची सवय. मग त्यानं शिवकन्येला बोलतं केलं आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं. रविराजचं नाव आलं तेव्हा त्यानं पेन थांबवून विचारलं, “हे लिहायचंच का ताई?” ती म्हणाली, “लिहायचंच.” कंपनीचा ईमेल, तात्पुरता लाल पट्टा, हळदीचं घर, सगळं आलं. मग त्यानं सही करायला कागद तिच्यापुढं सरकवला.

शिवकन्येनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत थांबली. तिथं लिहिलं होतं, ‘शिवकन्या रुद्रप्पा, वय ३६ वर्षे, धंदा घरकाम, रा. धारूर.’

“हे खोडा,” ती म्हणाली.

“कोणतं?”

“घरकाम.”

“अहो ताई, बायांचं आमी असंच लिहितो. त्याच्यानं काय फरक पडतो?”

“सगळं भांडण त्याच्यावरच चाललंय, अन फरक काय पडतो म्हनता? ते खोडा अन ड्रोन पायलट लिहा. त्याच्यापुढं प्रमाणपत्राचा नंबर लिहा.”

आसारामनं बाकड्याकडं बघितलं. रुद्रप्पा मांडीवरची टोपी झटकत होते. आसारामनं घरकामावर आडवी रेघ मारली, वर बारीक अक्षरांत ‘ड्रोन पायलट’ लिहिलं, नंबर लिहिला आणि खाडाखोडीवर तिची छोटी सही घेतली. मग तिनं खाली पूर्ण सही केली. हातावरची हळद कागदाला लागली, ती तिनं पुसली नाही.

तिच्यानंतर रविराजचा जबाब झाला. आसारामनं विचारलं, “धंदा?”

रविराजनं दाराकडं बघितलं. काका बाहेर अजून फोनवरच होते.

“शेती,” तो म्हणाला.